पस्तिशीतील बी.एड. : लाभाचा हिशेब

मराठीची पदवी हाती आल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात शिक्षक होण्याचा विचार येतो. दूरशिक्षणातील बी.एड. मुख्यतः सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असते. इतरांना सहसा नियमित महाविद्यालयातच जावे लागते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यात उपस्थितीची सक्ती असून, शाळेतील आंतरवासिता अनेक आठवडे चालते. त्यामुळे चालू नोकरी सांभाळून तो पूर्ण होईल, ही अपेक्षा बाळगू नये.

हा निर्णय लाभाचा आहे का, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, तुमचे वय ३५ असून मासिक वेतन १५,००० रुपये आहे. दोन वर्षांचे बुडालेले वेतन ३,६०,००० रुपये होते. शुल्क व इतर खर्च एक लाख धरला, तर एकूण गुंतवणूक ४,६०,००० रुपये होते. बहुतेक जण केवळ शुल्क मोजतात. मोठा खर्च मात्र न मिळालेल्या वेतनाचा असतो.

आता प्राप्तीची बाजू पाहू. अनुदानित माध्यमिक शाळेत प्रथम तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काम करावे लागते. २०२३ पासून त्याचे मानधन दरमहा १८,००० रुपये आहे. म्हणजे पूर्वीच्या वेतनाहून तीन वर्षांत १,०८,००० रुपये अधिक मिळतात आणि ३,५२,००० रुपयांची तूट उरते. पुढे नियमित वेतनश्रेणीत मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. दरमहाचा फरक २३,६०० रुपये धरल्यास ही तूट सुमारे पंधरा महिन्यांत भरून निघते. नियुक्ती लगेच मिळाली, तर वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हिशेब जुळतो आणि पुढील सेवा लाभाची ठरते.

परंतु या हिशेबातील ‘लगेच’ हा शब्दच सर्वांत कच्चा दुवा आहे. ही भरती ‘पवित्र’ प्रणालीतून होते आणि तिच्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही चाचणी २०१७, २०२३ व २०२५ मध्ये झाली. पहिल्या दोहोंतील अंतर पाच वर्षांहून अधिक होते. शासकीय भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८, तर मागास प्रवर्गांसाठी ४३ आहे. सदतिसाव्या वर्षी बी.एड. झालेल्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराच्या हाती जेमतेम एक वर्ष उरते. त्या वर्षात चाचणी झाली नाही, तर उरतो तो विनाअनुदानित शाळांचा मार्ग. तेथे वेतन पूर्वीइतकेच मिळाले, तर ४,६०,००० रुपयांची गुंतवणूक कधीच भरून निघत नाही.

म्हणून माझे मत असे : मागास प्रवर्गातील पस्तिशीच्या विद्यार्थ्याने हा मार्ग विचारपूर्वक स्वीकारावा, कारण त्याला चाचणीची वाट पाहण्यास अवधी आहे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याने केवळ अनुदानित पदाच्या भरवशावर नोकरी सोडू नये. प्रवेश घेण्यापूर्वी परिसरातील दोन-तीन विनाअनुदानित शाळांत जाऊन नवख्या मराठी शिक्षकाला प्रत्यक्ष हाती किती वेतन मिळते, ते विचारावे. त्या वेतनातही अध्यापन पत्करण्याची तयारी असेल, तरच त्याने प्रवेश अर्ज भरावा.