गोवर : लस फसली की मुले राहून गेली?

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातून गोवराचा उद्रेक सुरू झाला. अशा वेळी एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘लस घेतलेल्या मुलालाही गोवर झाला, मग लसीचा उपयोग काय?’ त्याचे उत्तर साध्या गणितात आहे.

एखाद्या वस्तीत वर्षाला १,००० मुले जन्मतात आणि त्यांपैकी ८०० जणांना नवव्या महिन्यानंतरचा पहिला डोस मिळतो, असे समजू. या वयात लस सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण देते. काही बाळांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडे शिल्लक असतात आणि ती लसीचा परिणाम रोखतात. म्हणजे लस घेऊनही १२० मुले असुरक्षित राहतात. लस न घेतलेली २०० धरली की एकूण ३२० होतात. दुसरा डोसही चुकला, तर तीन वर्षांत हा आकडा ९६० वर जातो. अशी मुले वर्षभरातील जन्मांइतकी साठली, की उद्रेक जवळ आला असे समजतात. कोविडकाळात लसीकरण विस्कळीत झाल्याने ही साठवण वाढली.

आता यातील एका वर्षाच्या सगळ्या ३२० मुलांना गोवर झाला, तर त्यांत १२० म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक लस घेतलेली दिसतील. पण लस घेतलेल्यांत १०० पैकी १५ आजारी पडली आणि न घेतलेल्यांत सगळीच. म्हणून रुग्णांत लसवंत किती हे न पाहता, लसवंतांत रुग्ण किती हे पाहायचे. या १२० पैकी बहुतेकांना सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यातला दुसरा डोस सावरतो. राहून गेलेल्या २०० जणांना मात्र शोधूनच काढावे लागते.

गोवरात मृत्यू बहुधा न्यूमोनियाने किंवा अतिसाराने होतो. कुपोषित मुलांना धोका अधिक असतो. म्हणून रुग्णाला सलग दोन दिवस वयानुसार जीवनसत्त्व ‘अ’ देतात. त्याने मृत्यू आणि अंधत्वाचा धोका घटतो. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासूनच संसर्ग पसरत असल्याने केवळ रुग्णाला वेगळे ठेवून साथ थांबत नाही. त्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने बाधित भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्यास सांगितले. जिथे नऊ महिन्यांखालील रुग्ण १० टक्क्यांहून जास्त होते, तिथे सहाव्या महिन्यापासून लस देण्याची सूचना होती. हा लवकरचा डोस नियमित दोन डोसांत धरला जात नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.