डॉक्टरांच्या नावाखालची ओळ

आजकाल घरात कोणी आजारी पडले की आधी मोबाईल उघडला जातो. प्रॅक्टोसारख्या ॲपवर आजार किंवा डॉक्टरांचा प्रकार लिहिला की नावांची रांग समोर येते. प्रत्येक नावाखाली दोन-तीन ओळी असतात. डॉक्टर कशाचे, किती वर्षांचा अनुभव, कोणत्या भाषा बोलतात आणि फी किती, एवढेच त्यात सांगितलेले असते. पालकसभेला आलेल्या आया आम्हाला हा मोबाईल दाखवून विचारतात, "सर, यातले कोणते चांगले?" यावर आम्ही काय सांगणार? डॉक्टर चांगले की नाहीत हे त्या ओळीत लिहिलेले नसते. पण जे लिहिलेले असते ते नीट वाचले तर निदान चुकीच्या दारात जाणे टळते.

आमच्या नात्यातल्या एका खालांचेच उदाहरण घेऊ. वय ५८, साखरेचा आजार १४ वर्षांचा, दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. रमजानला दोन महिने उरले होते आणि रोजे ठेवायचेच हा त्यांचा हट्ट. त्यांचे नेहमीचे डॉक्टर गाव सोडून गेलेले. मुलाने ॲपवर शोधले आणि दोन नावे काढली. नावे आम्ही इथे देत नाही, ओळी मात्र देतो.

पहिल्या नावाखाली होते: एम.बी.बी.एस., डिप्लोमा इन डायबेटॉलॉजी. डायबेटॉलॉजिस्ट, जनरल फिजिशियन. एकूण अनुभव २२ वर्षे, पैकी तज्ज्ञ म्हणून ६ वर्षे. भाषा: इंग्रजी, हिंदी, मराठी, उर्दू.

दुसऱ्याखाली होते: एम.बी.बी.एस., एम.डी. मेडिसिन, डी.एम. एंडोक्रायनॉलॉजी. एंडोक्रायनॉलॉजिस्ट. एकूण अनुभव १२ वर्षे, पैकी तज्ज्ञ म्हणून ३ वर्षे. भाषा: इंग्रजी, हिंदी.

मुलाचा कौल अर्थातच पहिल्याला. २२ हा आकडा १२ पेक्षा मोठा, त्यात उर्दूही लिहिलेली. शिवाय 'डायबेटॉलॉजिस्ट' हा शब्द घरात सर्वांना कळतो, 'एंडोक्रायनॉलॉजिस्ट' उच्चारतानाच जीभ अडखळते.

आता ओळ एकेका शब्दाने वाचू.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे शरीरातल्या ग्रंथी आणि हार्मोन यांचे तज्ज्ञ. थायरॉइडप्रमाणे मधुमेहही त्यांच्याच कक्षेत येतो. तिथवर जाण्याचा रस्ता ठरलेला आहे: एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष, मग एम.डी.ची तीन वर्षे आणि त्यावर डी.एम.ची तीन. डी.एम.ऐवजी त्याच तोडीची डी.एन.बी. हीसुद्धा चालते. 'डायबेटॉलॉजिस्ट' या शब्दामागे मात्र असा एकच रस्ता नाही. कोणी एम.डी. मेडिसिन करून मुख्यतः मधुमेहाचेच रुग्ण पाहतो, कोणी विद्यापीठाचा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा केलेला असतो, तर कोणी एम.बी.बी.एस.नंतर काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तोही बराचसा घरबसल्या. ॲपवर शब्द तिघांचा एकच दिसतो. म्हणून आधी पदव्यांची ओळ वाचावी आणि तज्ज्ञतेचा शब्द त्यानंतर.

डॉक्टरांच्या व्यवसायाचे जे नियम २००२ साली झाले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की त्या शाखेची खास पात्रता नसताना कोणी स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. पण ॲपवर तज्ज्ञतेचा शब्द यादीतून निवडलेला असतो, आणि ही माहिती पुष्कळदा डॉक्टर स्वतः किंवा क्लिनिकमधला एखादा कर्मचारी भरतो. नावाशेजारी 'नोंदणी तपासली' अशी हिरवी खूण दिसली तर तिचा अर्थ तेवढाच घ्यावा. वैद्यक परिषदेकडे या डॉक्टरांची नोंद आहे, इतकेच ती सांगते.

अनुभवाचा आकडा सर्वांत जास्त फसवतो, आणि तोही खोटा नसताना. एकूण अनुभव सहसा पहिल्या पदवीपासून मोजतात. पहिल्या डॉक्टरांचे एम.बी.बी.एस. २००३ चे, डिप्लोमा २०१९ चा. मधली १६ वर्षे त्यांनी सर्दी-तापापासून सगळे पाहिले. हे काही कमीपणाचे नाही. वस्तीतल्या दवाखान्यात रोज साखरेचे रुग्ण येतातच, आणि अशा डॉक्टरांचा हात पुष्कळदा चांगला असतो. दुसऱ्यांचे एम.बी.बी.एस. २०१३ चे, एम.डी. २०१८ चे आणि डी.एम. २०२२ चे. म्हणजे त्यांच्या १२ वर्षांपैकी सहा वर्षे शिकण्यात गेली. पण हे शिकणे वर्गात बसून होत नाही. मोठ्या रुग्णालयात रात्रंदिवस रुग्ण पाहत ही वर्षे काढावी लागतात, आणि डी.एम.ची तीन वर्षे तर फक्त याच शाखेचे रुग्ण. शिवाय 'तज्ज्ञ म्हणून ३ वर्षे' हा आकडा डी.एम.पासून मोजलेला आहे. दुसऱ्या कुणाचा एम.डी.पासून मोजलेला असू शकतो. म्हणून आकड्यांची तुलना करण्यापूर्वी प्रोफाइल उघडून खाली शिक्षणाच्या रकान्यात प्रत्येक पदवीपुढचे साल पाहावे आणि वजाबाकी आपणच करावी. पाचवीच्या मुलालाही जमेल इतकी ती सोपी आहे.

पदवी खरोखर नोंदलेली आहे का हे घरबसल्या पाहता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या nmc.org.in या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे. तिथे डॉक्टरांचे नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून आणि राज्याची परिषद निवडून शोधता येते. नोंद सापडली की मूळ पदवी, तिचे साल आणि विद्यापीठ दिसते. पुढची पदवी नोंदवली असेल तर तीही वेगळ्या रकान्यात असते. क्रमांक ॲपवर नसला तर जुन्या चिठ्ठीवर पाहावा, कारण चिठ्ठी, प्रमाणपत्र आणि पावती या तिन्हींवर तो छापणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. नावापेक्षा क्रमांकाने शोधलेले बरे, एका नावाचे अनेक डॉक्टर निघतात. या रजिस्टरलाही मर्यादा आहेत. नवी पदवी तिथे उशिरा चढते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये, क्लिनिकला विचारावे.

आपल्या घरांत युनानी हकीमसाहेबांकडे जाणारेही पुष्कळ आहेत. बी.यू.एम.एस. झालेल्या डॉक्टरांचे नाव या रजिस्टरमध्ये सापडणार नाही आणि त्यात वावगे काही नाही. त्यांची नोंद महाराष्ट्रात कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथीच्या डॉक्टरांची त्यांच्या वेगळ्या कौन्सिलकडे. फक्त ॲपवर 'एम.डी.' अक्षरे दिसली की पुढचा शब्दही वाचावा, कारण एम.डी. मेडिसिन, एम.डी. युनानी आणि एम.डी. होमिओपॅथी ही तीन वेगळी शिक्षणे आहेत.

राहिली भाषा. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या रकान्यावर जरा जास्त रेंगाळतो.

भाषेच्या रकान्याची परीक्षा कोणी घेत नाही. जी निवडली ती दिसते. हिंदी बोलणारे बहुतेक डॉक्टर यादीत उर्दू निवडतच नाहीत. म्हणून 'उर्दू' अशी चाळणी लावली की मूठभर नावे उरतात आणि आपली बोली सहज समजणारे कितीतरी डॉक्टर गळतात. कोकणातल्या आपल्या घरांची अडचण आणखी वेगळी. यादीत 'कोंकणी' म्हणून जी भाषा असते ती बहुधा गोव्याची, आपली कोकणी बोली नव्हे. त्यांनी मराठी पाहावी हेच बरे.

साखरेच्या आजारात भाषेचे एवढे महत्त्व का? खाला म्हणतात, "जी घबरा रहा था." याचा अर्थ मळमळ होऊ शकतो, छातीत धडधड होऊ शकतो, नुसती चिंताही होऊ शकतो. इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत त्याचा आणखी एक अर्थ असतो, साखर खाली गेली. त्यासोबत घाम आला का, हात थरथरले का, गोड खाल्ल्यावर बरे वाटले का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे आणि खालांनी आपल्या शब्दांत सांगायला हवे. रोजा असताना तर हे ओळखणे फार गरजेचे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा असे मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात, आणि डोस व वेळा बदलण्यासाठी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटायला सांगतात. हे सगळे मुलाने दुभाषा होऊन सांगायचे म्हटले तर अर्धे वाटेत सांडते. लघवीचा त्रास किंवा बायकांच्या तक्रारी आई मुलासमोर सांगतच नाही.

म्हणून रकान्यावर न थांबता क्लिनिकला फोन करावा. "डॉक्टरांना उर्दू येते का?" असे विचारले की उत्तर 'हो' असेच येते. त्याऐवजी विचारावे, "म्हातारी बाई एकटी आत गेली तर डॉक्टर स्वतः तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतील?" खालांच्या मुलाने दोन्हीकडे असा फोन केला. पहिल्या क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, "सर हिंदीत बोलतात. उर्दूवाले पेशंट असले की आमचा कंपाउंडर समजावतो." दुसरीकडून उत्तर आले, "मॅडम हिंदीत बोलतात, पेशंटला एकटंच बोलावतात आणि डोस कागदावर चित्र काढून देतात." ओळीत उर्दू लिहिलेले पहिले डॉक्टर होते, पण खालांना हवे तसे बोलणाऱ्या दुसऱ्या निघाल्या.

नुसत्या गोळ्यांवर साखर ताब्यात असती तर आम्ही पहिल्या डॉक्टरांचे नाव सुचवले असते. जवळ, फी कमी, अनुभवी. त्यांची डिप्लोमाची नोंदही रजिस्टरमध्ये सापडली होती. पण इन्सुलिन, १४ वर्षांचा आजार आणि वर रोज्यांचा हट्ट, एवढे एकत्र आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. पहिल्या भेटीत त्यांनी १५ दिवसांच्या साखरेच्या नोंदी मागितल्या, सहरी आणि इफ्तारच्या वेळेला काय खाता ते विचारले आणि शाबानमध्ये दोन रोजे नोंदी ठेवून करून पाहा, मग ठरवू, असे सांगितले. खालांनी वही घातली आहे. रोज मोजून त्या उर्दूत आकडे लिहितात आणि सून ते मराठीत उतरवून डॉक्टरांना पाठवते.