प्रश्न विचारणाऱ्याला गुण द्या

अकरावीत असताना मी वादविवाद स्पर्धेत पहिला आलो होतो. विषय होता 'विज्ञान : शाप की वरदान'. सरांनी दोन्ही बाजूंची भाषणं लिहून दिली होती, चिठ्ठी निघाली 'वरदान'ची, आणि मी चार मिनिटांचं भाषण न अडखळता म्हटलं. तिसऱ्या मिनिटाला टेबलावर मूठ आपटायची, हेही ठरलेलं होतं. माझ्या आधी बोललेल्या मुलीनं भोपाळच्या वायुगळतीचा दाखला दिला होता. माझ्या कागदावर भोपाळ नव्हतं, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही. ते कुणी मागितलंही नाही. परीक्षकांच्या तक्त्यात उच्चार, हावभाव, पाठांतर आणि वेळ असे चार रकाने होते. ढाल मला मिळाली. त्या मुलीचा प्रश्न आजही तसाच पडून आहे.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत 'विचारशक्तीला चालना' म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं या ढालीसारखं आहे. बारावीच्या इंग्रजीच्या लेखन विभागात गटचर्चा हा प्रकार आहे. मुलगा एकटा बाकावर बसून चार काल्पनिक विद्यार्थ्यांची मतं लिहितो आणि चौघांनाही सभ्यपणे बोलायला लावून मोकळा होतो. चौघांपैकी कुणी कुणाला अडवत नाही. कुणाचं मत बदलत नाही. ही चर्चा नाही, हे चार जणांच्या नावानं केलेलं पाठांतर आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्गात वाद शिकवायचा असेल तर बोलणाऱ्याला गुण देणं थांबवा आणि प्रश्न विचारणाऱ्याला द्या. याला कुणी पाश्चात्त्य खूळ म्हणणार असेल, तर त्यानं आपल्याच मदरशांचा जुना अभ्यासक्रम उघडून पाहावा. दर्स-ए-निजामीत 'रशीदिया' नावाची एक किताब शिकवली जात असे. सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुल रशीद यांनी ती लिहिली आणि तिचा विषय आहे मुनाजरा, म्हणजे वाद करण्याचे नियम. या शास्त्रात एक जण दावा करतो आणि दुसरा साइल असतो, म्हणजे प्रश्न करणारा. साइलचं काम भाषण करण्याचं नाही. त्याच्या हातात तीन चाली असतात. पहिली मनअ : तुमच्या युक्तिवादातली अमुक एक पायरी मला मान्य नाही, तिचा पुरावा द्या. दुसरी नक्ज : तुमचा युक्तिवाद खरा धरला तर दुसरीकडे चुकीचं उत्तर निघतं, म्हणजे त्यात कुठेतरी खोट आहे. तिसरी मुआरजा : तुमचा पुरावा असू दे, पण उलट बाजूचाही तितकाच वजनदार पुरावा हा घ्या. सत्य समोर यावं म्हणून केलेल्या वादाला मुनाजरा म्हणायचं आणि समोरच्याला गप्प करण्यासाठी केलेल्या वादाला मुजादला, हा फरकही तिथे स्पष्ट केलेला आहे. रात्री टीव्हीवर जे चालतं त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

या तीन चाली वर्गात कशा चालतात, ते मी पाहिलंय. गेल्या वर्षी एका कनिष्ठ महाविद्यालयात काही शनिवार मी अकरावीचा तास घेतला. वर्गात ऐंशी मुलं-मुली, तास 40 मिनिटांचा. एका शनिवारी विषय निवडला तो त्यांच्याच आयुष्यातला. मुलींच्या लग्नाचं किमान वय 18 वरून 21 करण्याचं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. दावा फळ्यावर एका वाक्यात लिहिला : 'वय 21 केलं तर मुली जास्त शिकतील.'

पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त एक पान वाचायचं. त्यात आजचा कायदा होता आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा 2019-21 चा आकडा होता : महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. हे पान टाळता येत नाही. माहिती नसताना विचारलेला प्रश्न म्हणजे मोठ्या आवाजातला अंदाज असतो.

मग मधे सहा जण बसले, तिघं दाव्याच्या बाजूनं आणि तीन साइल. बाकीच्यांनी चिठ्ठीवर एकेक प्रश्न लिहायचा होता. दाव्याच्या बाजूचा मुलगा म्हणाला, "लग्न झालं की शिक्षण सुटतं, म्हणून लग्न पुढे ढकललं की शिक्षण वाढेल." एका मुलीनं मनअ केली : "लग्न झालं म्हणून शिक्षण सुटतं, की शिक्षण सुटलं म्हणून लग्न लावतात? पहिलंच खरं आहे, हे कशावरून?" वर्ग शांत झाला. तिच्या मोहल्ल्यात दहावीनंतरचं कॉलेज अकरा किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळची एसटी भरवशाची नाही. तिथल्या मुली आधी घरी बसतात, लग्न दोन वर्षांनी होतं.

दुसऱ्यानं नक्ज टाकली : "कायद्यात वय वाढवून मुली शिकत असत्या, तर आज 18 चा कायदा असताना अठराच्या आत एकही लग्न व्हायला नको होतं. पानावर तर 21.9 टक्के लिहिलंय." दाव्याच्या बाजूनं दिलेलं उत्तरही चांगलं होतं. कायदा सगळं थांबवत नाही, पण शिकू पाहणाऱ्या मुलीच्या हातात घरी दाखवायला एक कागद देतो, असं ते होतं. तिसऱ्या साइलनं मुआरजा मांडला : "एकोणीस वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तर हाच कागद तिच्या विरोधात तिच्या घरच्यांच्या हातात जाईल."

शेवटची पाच मिनिटं प्रत्येकानं दावा दुरुस्त करून लिहायचा होता. दाव्याच्या बाजूच्या त्याच मुलानं लिहिलं : 'कॉलेज आणि एसटी असेल तिथे वय वाढवल्याचा उपयोग होईल, नसेल तिथे आधी एसटी पाहिजे.' मूळ वाक्यापेक्षा हे लहान वाटतं, पण हे तपासता येतं. वर्ग यशस्वी झाला की नाही, हे ओळखायची माझ्याकडे एवढीच खूण आहे : तास संपताना दावा सुरुवातीपेक्षा अरुंद आणि नेमका झाला का? ऐंशीही जण तासाच्या सुरुवातीच्या मतावर जसेच्या तसे उठले असतील, तर मुजादला झाला.

आता आमच्या बाजूच्या लोकांशी, म्हणजे स्वतःला सुधारक म्हणवणाऱ्यांशी, थोडं भांडतो. आपल्यातल्या अनेकांना प्रश्नोत्तरांची पद्धत आवडते, कारण आपल्याला हवं ते उत्तर मुलांच्या तोंडून काढता येतं असं वाटतं. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा छातीठोकपणे सांगतो, बाजू दुप्पट करून, चार फूट. सॉक्रेटिस 'चूक' म्हणत नाही, मोजायला लावतो. क्षेत्रफळ सोळा येतं, हवं होतं आठ. मुलगा म्हणतो, मग तीन. नऊ येतं. मग तो कबूल करतो की मला माहीत नाही. इथपर्यंत हा उत्तम धडा आहे. पण त्यानंतर सॉक्रेटिस स्वतःच कर्ण काढून दाखवतो आणि मुलगा बहुतेक 'हो', 'हो' म्हणत जातो. भूमितीत ते खपतं, कारण उत्तर एकच असतं. पडदा, तलाक, आरक्षण यांवर बोलताना मुलांच्या तोंडी फक्त 'हो' येत असेल, तर ते मौलवींच्या जागी आपण बसल्याचं लक्षण आहे.

दुसरा धोका याहून मोठा आहे आणि तो आपल्या मुलांनाच सोसावा लागतो. मिश्र वर्गात शिक्षक एकुलत्या एका मुस्लीम मुलीकडे वळून विचारतात, "तुमच्यात असं का असतं गं?" हा साइलचा प्रश्न नाही, ही उलटतपासणी आहे. साइल दाव्याला प्रश्न करतो. तो माणसाला त्याच्या समाजाचा वकील करून पिंजऱ्यात उभं करत नाही. म्हणून माझ्या तासाला एकच नियम फळ्यावर कायम असतो : दावा ज्यानं केला, उत्तर त्यानंच द्यायचं, न केलेल्या दाव्याचा जाब कुणालाही विचारायचा नाही. माझ्या नोकरीत दुसऱ्याचा कोड तपासतानाही हाच शिष्टाचार असतो. ओळ चुकली असं लिहायचं, लिहिणारा कसा आहे ते लिहायचं नाही.

घरातून येणारा आक्षेप तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय : मोठ्यांना प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी. इमाम अबू हनीफांचे शागिर्द अबू युसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी कितीतरी मसल्यांवर उस्तादांहून वेगळं मत दिलं, आणि हनफी फिक्हच्या किताबांत ती मतं शेजारी शेजारी नोंदवलेली आहेत. अब्बूंना हे अदबीनं सांगून पाहा.

कॉलेजातून येणारा आक्षेप वेळेचा. सीईटी आणि नीटच्या धांदलीत, इंटिग्रेटेड बॅचेसमध्ये, याला तास कुठला? हा आक्षेप खोटा नाही, म्हणून मी रोज मागत नाही. महिन्यातून दोन तास द्या. आणि रोजच्या तासाला फुकटातला एक बदल करा. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजलं तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. दोन जास्तीच्या सेकंदांनी कुठल्या बॅचचा अभ्यासक्रम मागे पडणार आहे?

येत्या गॅदरिंगला तुमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होईल. आयोजकांकडे जा आणि परीक्षकांच्या तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगा : समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं का? तो रकाना त्या वर्षी असता, तर माझी ढाल गेली असती, आणि मला भोपाळबद्दल विचार करावा लागला असता.