अक्षर लागत नसेल तर...

मस्कतहून मुंबईत उपचारासाठी आलेल्या रुग्णाला परत जाताना डॉक्टरांची चिठ्ठी अरबीत हवी असते. भाषांतरकाराच्या हाती मूळ कागद क्वचितच येतो. येतो तो मोबाइलवर काढलेला फोटो, एखादा शब्द घडीत गेलेला आणि कोपऱ्यावर कुणाचा तरी अंगठा! जाणता भाषांतरकार अशा वेळी आधी दुसरा फोटो मागवतो. कागद सपाट ठेवावा, उजेड बाजूने यावा आणि चारही कडा दिसाव्यात, एवढेच त्याचे म्हणणे असते.

मग तो मजकूर ओळीला ओळ जुळवत आधी इंग्रजीतच उतरवून काढतो. वाचता वाचता भाषांतर करू लागले की मन अडलेला शब्द अंदाजाने भरून टाकते, आणि तो अंदाज होता हे नंतर आठवतही नाही.

आता एक अडलेला शब्द पाहा. सुरुवातीला ‘एल’, मध्ये ‘एस’, पुढे ‘२० मि.ग्रॅ.’ हे औषध लॅसिक्स की लोसेक? पहिले लघवी वाढवून अंगातले पाणी उतरवणारे, दुसरे पोटातले आम्ल कमी करणारे. दोन्ही २० मि.ग्रॅ.मध्ये मिळत असल्याने मात्रेवरूनही उलगडा होत नाही. याच घोटाळ्यामुळे अमेरिकेत १९९० मध्ये लोसेकचे नाव बदलून प्रायलोसेक करावे लागले. भाषांतरकार त्याच चिठ्ठीतल्या स्पष्ट शब्दांत डॉक्टरांचा ‘ए’ आणि ‘ओ’ शोधून ताडून पाहतो. ‘आय’वरचा टिंब दिसला तरी तो शाईचा की कागदावरचा डाग, हे फोटोवरून सांगणे कठीणच.

एवढे करूनही खात्री पटली नाही, तर दोन्ही नावे प्रश्नचिन्हासह चौकोनी कंसात, रोमन लिपीतच ठेवायची. काहीच लागले नाही तर कंसात ‘घैर मक्रूअ’, म्हणजे ‘अवाच्य’, असे लिहायचे. शब्द दोन असतील तर तेही सांगायचे. शब्द फोटोबाहेर कापला गेला असेल तर तसे वेगळे नोंदवायचे, कारण तिथे नवा फोटो पुरतो. नुसती टिंबे देऊन भागत नाही. ती डॉक्टरांनीच दिली, असे वाचणाऱ्याला वाटू शकते.

आकड्यांची गंमत तर और आहे. ओमानसारख्या देशांत रूढ असलेल्या अरबी आकड्यांत पाच हा गोल शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. म्हणून मात्रेचे आकडे चिठ्ठीत असतात तसेच, इंग्रजी वळणाचे ठेवणे बरे.

शेवटी कंसातल्या शब्दांची यादी फोटोसह डॉक्टरांकडे जाते. त्यांनी लेखी उत्तर दिले की कंस काढायचा. उत्तर आले नाही, तर तो छापील प्रतीतही तसाच राहू द्यायचा.