आई, तो चहा बंद केलाय

आई, मस्कतहून रोज विचारतेस म्हणून सांगते, तो ऑनलाइन मागवलेला वजन कमी करायचा चहा मी बंद केलाय. पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘सेन्ना’ लिहिलंय, म्हणजे आपली सोनामुखी. (पुढच्या बाजूला मात्र ‘शंभर टक्के नैसर्गिक’, कण्हेरही नैसर्गिकच असते गं!) रात्री प्यायला की सकाळी मुरडा येऊन जुलाब. काटा दीड किलो खाली आला खरा, पण ते पाणी होतं. सोनामुखीचं काम चालतं मोठ्या आतड्यात, आणि पोळीभाताच्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. चरबीला ती हातही लावत नाही. नीट जेवले, पाणी प्यायले, की वजन पुन्हा जागेवर. वर जुलाबांतून पोटॅशियम जातं. लेक्चरला बसल्याबसल्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढताना धडधडायला लागलं, तेव्हा डॉक्टरबाईंकडे गेले. रक्तात पोटॅशियम ३.१ निघालं, साडेतीनच्या खाली जायला नको असतं. सोनामुखी बद्धकोष्ठावरचं औषध आहे, म्हणाल्या, तेही विचारल्याशिवाय आठवड्याच्या वर घ्यायचं नाही. आता थोडे दिवस पोट जड राहील, त्यासाठी इसबगोल दिलंय. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचंय, रिपोर्ट आला की पाठवते.