रिले थंडीत का रुसतो? बेसचा रेझिस्टर गेनवर काढू नका



माझ्या स्टार्टरच्या टायमर बोर्डाची गोष्ट. दिवाळीपर्यंत एकदम व्यवस्थित चालला. थंडी पडली, रात्रपाळीची लाईट आली आणि मोटर सुरूच झाली नाही. कांद्याची एक पाळी हुकली. सकाळी ऊन चढल्यावर तोच बोर्ड, तोच रिले, टक करून ओढला! लोक म्हणाले, रिले खराब, बदलून टाक. रिले चांगलाच होता. चूक माझ्या एका रेझिस्टरची होती, आणि तीच चूक बऱ्याच फुकटच्या सर्किटांत असते, म्हणून लिहितोय.

माझा १२ व्होल्टचा शुगर क्यूब रिले आहे. मीटर लावून कॉइल मोजली, ४०० ओहम. म्हणजे पूर्ण ओढायला १२ भागिले ४००, ३० मिलिअँप करंट. कंट्रोलरची पिन ३.३ व्होल्टची, तिला हे झेपत नाही, म्हणून मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. बेसला मी १० के रेझिस्टर लावला होता. हिशेब असा केला होता : बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट जातात, उरले २.६, भागिले १० हजार, म्हणजे ०.२६ मिलिअँप. गेन २०० धरला तर ५२ मिलिअँप मिळतील, ३० तर आरामात!

इथंच फसलो. गेन म्हणजे काही वजनमापाचा दगड नाही. एकाच पुडीतल्या दोन बीसी ५४७ चा गेन दुप्पट-तिप्पट वेगळा निघतो. वर तो थंडीत कमी होतो, उन्हात वाढतो. माझ्या नशिबी कमी गेनचा नग आला. सकाळी रिले ओढलेला असताना कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर लावला तर २.८ व्होल्ट! म्हणजे कॉइलला फक्त ९.२ मिळत होते. असे रिले साधारण पाऊण व्होल्टेजला, म्हणजे ९ च्या आसपास ओढतात. दिवसा काठावर ओढायचा, रात्री गारठ्यात काठाखाली जायचा.

म्हणून माझं स्पष्ट मत : स्विच म्हणून ट्रान्झिस्टर वापरायचा तर गेन विसरा. कॉइलचा करंट सरळ दहाने भागा आणि तेवढा करंट बेसला द्या. ३० भागिले १०, ३ मिलिअँप. २.६ व्होल्ट भागिले ३ मिलिअँप म्हणजे साधारण ८७० ओहम. मी १ के लावला, २.६ मिलिअँप मिळतात, चालतंय. पिनलाही जड नाही. आता कलेक्टर-एमिटरमध्ये ०.१ व्होल्ट दिसतो. याला सॅच्युरेशन म्हणतात, ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला. ०.२ च्या आत असेल तर निश्चिंत राहा. एक व्होल्टच्या वर दिसला तर बेसचा रेझिस्टर कमी करा, रिले बदलत बसू नका.

दुसरी गोष्ट डायोडची. भावकीतल्या एका पोरानं माझंच सर्किट जोडलं, पण "डायोड नसला तरी चालतंय की" म्हणून तो गाळला. चाललं, काही दिवस. मग मोटर बंद होताना कंट्रोलर आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. शेवटी ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला आणि रिले ओढलेलाच राहिला. विहिरीचं पाणी तळाला गेलं तरी मोटर चालूच.

कारण असं. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. वाट मिळाली नाही की तो व्होल्टेज चढवत नेतो. बीसी ५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट, तिच्या पुढं गेला की प्रत्येक वेळी एक दणका. कॉइलच्या दोन टोकांना ४००७ डायोड लावला की तो करंट त्यातून गोल फिरून विरून जातो. पांढरा पट्टा १२ व्होल्टच्या प्लसकडे. उलटा लावलात तर रिले ओढणारच नाही आणि ट्रान्झिस्टर जळेल. डायोड कॉइलच्या जवळच लावा.

हा डायोड फक्त डीसी कॉइलला. स्टार्टरच्या एसी कॉइलला लावायचा नाही, तिथं शॉर्ट होईल. आणि हा छोटा रिले स्टार्टरची कॉइल चालू-बंद करण्यापुरताच, मोटरचा करंट त्यातून न्यायचा नाही.

सर्किट पुढं पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं : "माझ्याकडे चाललं" म्हणजे तुमच्या नगावर, तुमच्या दुपारी चाललं. रात्री एक वाजता, गारठ्यात, दुसऱ्याच्या नगावर चाललं पाहिजे. आपापल्या बोर्डावर कलेक्टर-एमिटरचं व्होल्टेज मोजा आणि कमेंटमध्ये आकडा टाका.