‘जरा वेळ आहे का?’ एवढ्याने भागत नाही

दुसऱ्या टीममधल्या इंजिनिअरला पेअर प्रोग्रॅमिंगला बोलवायचे तर प्रश्न, साधने आणि वेळ आधी लिहून कळवा, असे म्हटले की आक्षेप येतो: ‘एकाच कंपनीत आहोत, मग हे अर्जफाटे कशाला? “जरा वेळ आहे का?” असे विचारले की झाले.’ आपल्या टीमपुरते ते ठीक आहे. शेजारच्याला कोड ठाऊक असतो. दुसऱ्या टीमच्या माणसाला मात्र आपली रिपॉझिटरीसुद्धा अनेकदा उघडता येत नाही.

समजा, ग्राहकाचे पैसे अधूनमधून दोनदा कापले जातात. ‘डबल पेमेंटबद्दल बसू या’ या निरोपावर पेमेंट टीमचा माणूस काय ठरवणार? त्याऐवजी ऑर्डर टीमची इंजिनिअर असे लिहू शकते:

‘आमचा क्लायंट २ सेकंद थांबून तीच रिक्वेस्ट त्याच आयडेम्पोटन्सी कीसह पुन्हा पाठवतो. तुमच्या उत्तराला ३ सेकंद लागले, तर दोन व्यवहार नोंदले जातात. हे दाखवणारी टेस्ट तयार आहे. गुरुवारी ३ ते ४.३० बसू या का? व्हीएस कोडमध्ये लाइव्ह शेअर वापरू; कोड माझ्या मशीनवर चालेल, तुम्हाला आमचा सेटअप लागणार नाही.’

हे वाचतानाच त्याला संशय येईल: आपण की आधी शोधतो, पण बँकेचे उत्तर आल्यावरच ती नोंदवतो, दुसरी रिक्वेस्ट नेमकी या फटीतून शिरत असणार.

यावर दुसरा, अधिक हुशार आक्षेप असा: प्रश्न इतका नेमका मांडता आला, तर एकत्र बसायचेच कशाला? कधीकधी खरोखरच बसावे लागत नाही, आणि तो फायदाच आहे. इथे मात्र बसावे लागते. बँकेकडे जाण्याआधी की नोंदवायची आणि तिच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट घालायचा, इतके पेमेंटवाला एकटा करील. पण पहिली रिक्वेस्ट चालू असताना आलेल्या दुसरीला थांबवून ठेवायचे की ४०९ देऊन परत पाठवायचे? ४०९ दिला आणि ऑर्डरच्या क्लायंटने त्याला अपयश मानले, तर पैसे कापले जाऊनही ऑर्डर रद्द होईल. हा निर्णय दोन्ही बाजूंचा कोड समोर ठेवूनच घेता येतो.

साधनाचे नुसते नाव घेणेही पुरत नाही. लाइव्ह शेअरमध्ये शेअर केलेला टर्मिनल पाहुण्याला मुळात फक्त वाचता येतो. टेस्ट त्यानेही चालवायची असेल, तर लिहिण्याची परवानगी द्यावी लागते; नाहीतर तो नुसता प्रेक्षक उरतो.

‘सुटेपर्यंत बसू’ हा दिलदारपणा मला सर्वांत घातक वाटतो. समोरच्याला त्याच्या टीमचे काम बाजूला ठेवून यायचे असते, आणि किती वेळासाठी हे त्याला आपल्या मॅनेजरला सांगावे लागते. दीड तास पुरे, वीसेक मिनिटांनी कीबोर्ड बदलत. तासाभरात कारण हाती लागले नाही, तर उरलेल्या वेळात कोणत्या शक्यता बाद झाल्या ते लिहून ठेवावे आणि साडेचारला उठावे.